राजीनाम्यातली तारीख

सरकारी बँकेची नोकरी सोडून पूर्णवेळ एम.एस्सी. डेटा सायन्सला जाणारा क्लार्क राजीनामा लिहायला बसतो, तेव्हा त्याचा निम्मा कागद कारणातच संपतो. आवड, स्वप्न, शाखेचे आभार. हे सगळं मनापासूनचं असतं, पण बँकेला त्यातलं एकच वाक्य लागतं. खरं वजन तारखेला असतं.

समजा, वर्ग ३ ऑगस्टला सुरू होणार आहेत. कायम क्लार्कला एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, परिविक्षेवर असेल तर चौदा दिवसांची. ही अट शास्त्री निवाड्यापासून चालत आली आहे. आपला क्लार्क २६ जूनला शाखाधिकाऱ्यांच्या हाती पत्र देतो, कार्यालयीन प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतो. मजकूर एवढाच:

‘दोन वर्षांच्या पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्याने मी क्लार्क पदाचा राजीनामा देत आहे. हे पत्र नोटीस समजून ३१ जुलै रोजी कामकाज संपल्यावर मला कार्यमुक्त करावे. माझ्या नावावरील कर्जाची बाकी कळवावी आणि कार्यमुक्ती पत्र द्यावे, ही विनंती.’

‘लवकरात लवकर सोडावे’ असं लिहिलं की दिवस ठरवण्याचं काम आपण बँकेकडे सोपवतो. पंजाब नॅशनल बँकेच्या पी. के. मित्तल या अधिकाऱ्याने जानेवारी १९८६ मध्ये राजीनामा दिला, त्यात ३० जून ही तारीख होती. बँकेने फेब्रुवारीतच तो मंजूर करून टाकला. एप्रिलमध्ये मित्तल यांनी तो मागे घेतला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो खटला अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींवरचा होता, तरी पत्रात स्पष्ट लिहिलेल्या तारखेने माणसाला किती आधार मिळतो, हे त्यातून दिसतं.

तारीख ठरवण्याआधी सेवेचा हिशेब मांडावा. कायम कर्मचाऱ्याला राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षांची सेवा लागते. थोडेच महिने कमी पडत असतील तर प्रवेश पुढच्या वर्षी घेता येतो का, हे विद्यापीठाला विचारून पाहावं. एनपीएसचं खातं मात्र नोकरीबरोबर संपत नाही. कर्मचारी म्हणून सवलतीच्या व्याजाने घेतलेलं गृहकर्ज असेल, तर पुढे व्याजदर काय लागेल हे लेखी विचारावं. विद्यार्थिदशेत हप्त्याचा खरा ताण तिथेच येतो.

प्रवेश ऐनवेळी रद्द झाला, तर ३१ जुलैपूर्वी राजीनामा मागे घेत असल्याचं लेखी पत्र द्यावं आणि त्याचीही पोच घ्यावी. एकदा कार्यमुक्ती झाली की परतीसाठी क्लार्क भरतीची परीक्षा नव्याने द्यावी लागते, आणि खुल्या प्रवर्गासाठी तिची वयोमर्यादा २८ वर्षे आहे.