‘टॉप ट्रेडर’चा कल किती खरा?

बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर बिटकॉइन फ्युचर्सची आकडेवारी उघडली की Top Trader Long/Short Ratio या नावाचे दोन आलेख दिसतात. एक Accounts चा, दुसरा Positions चा. आकडा दोनच्या वर गेला की ‘बडे खेळाडू तेजीत आहेत’ असं समजून अनेक जण खरेदीला धावतात. पण हे ‘टॉप’ कोण? मार्जिन खात्यातल्या शिलकीनुसार वरचे २० टक्के ग्राहक. निकष पैशाचा आहे. त्यांनी आजवर नफा कमावला की तोटा, हे यात कुठेच पाहिलं जात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अशी १०० खाती आहेत. त्यांतल्या ७० जणांनी प्रत्येकी १ बिटकॉइनचा लाँग, म्हणजे तेजीचा सौदा केला. उरलेल्या ३० जणांनी प्रत्येकी ५ बिटकॉइनचा शॉर्ट, म्हणजे मंदीचा सौदा केला. Accounts चा आलेख डोकी मोजतो: ७० भागिले ३०, म्हणजे २.३३. चित्र तेजीचं. Positions चा आलेख सौद्यांचा आकार मोजतो: ७० भागिले १५०, म्हणजे ०.४७. तीच माणसं, तीच वेळ, आणि चित्र मंदीचं.

मग दुसरा आलेख खरा मानायचा का? तोही लगेच नाही. समजा, त्या १५० पैकी १०० बिटकॉइनचे शॉर्ट अशांचे आहेत, ज्यांनी तितकेच बिटकॉइन रोखीच्या बाजारात विकत घेऊन ठेवलेत. भाव चढो वा पडो, एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो. मुदत नसलेल्या फ्युचर्सचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा राहिला, की लाँगवाले शॉर्टवाल्यांना ठरावीक तासांनी ‘फंडिंग’ देतात. या मंडळींना हवं असतं ते हेच उत्पन्न. त्यांना वगळलं तर भावाच्या दिशेवर पैसे लावणारे उरतात ७० विरुद्ध ५०, आणि गुणोत्तर होतं १.४. पुन्हा तेजी!

एक्स्चेंजला फक्त आपल्याकडचे सौदे दिसतात. ग्राहकाने दुसऱ्या एक्स्चेंजवर उलटा सौदा केला असेल, तर तो या आकड्यात येत नाही. शिवाय प्रत्येक फ्युचर्स सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, त्यामुळे पूर्ण बाजारात लाँग आणि शॉर्ट नेहमी समसमान असतात. आपल्या उदाहरणात टॉप खाती एकूण ८० बिटकॉइनने शॉर्ट आहेत, म्हणजे बाकीची खाती तेवढ्यानेच लाँग आहेत.

म्हणून दोन्ही आलेख शेजारी ठेवून वाचावेत. ते विरुद्ध दिशेला जात असतील, तर मोजकी मोठी खाती एका बाजूला आहेत एवढं कळतं. Positions चं गुणोत्तर घसरतंय, उभे सौदे, म्हणजे ओपन इंटरेस्ट, वाढतायत आणि फंडिंग चढं आहे, असं एकत्र दिसलं तर ते शॉर्ट बचावाचे असण्याची शक्यता बरीच असते. खात्री मात्र तेव्हाही देता येत नाही, कारण सौद्यामागचा हेतू कुठल्याच आलेखात नोंदलेला नसतो. निव्वळ या एका आकड्यावर पैसे लावू नयेत.