फेदर किती द्यायचा? आधी छपाईचं माप ठरवा

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे जरा निरखून पाहा. एखाद्या कार्यकर्त्याच्या खांद्याभोवती धुरकट पांढरी किनार दिसते, तर शेजारच्याचं डोकं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं वाटतं. दोघांचे फोटो कदाचित एकाच मोबाइलवर काढलेले असतील. फरक पडतो तो मागची पार्श्वभूमी काढताना दिलेल्या ‘फेदर’च्या आकड्यामुळे.

फोटोशॉपमध्ये माणूस निवडून Select > Modify > Feather उघडलं की एक रेडियस विचारला जातो. तो दिला की निवडीची कड एकदम न तुटता हळूहळू विरत जाते. ही विरणारी पट्टी कडेच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे पसरते. त्यामुळे डोळ्याला जाणवणारी तिची रुंदी दिलेल्या आकड्याच्या साधारण अडीच पट असते. हा आकडा पिक्सेलमध्ये असतो, मिलिमीटरमध्ये नाही, आणि सगळी गफलत इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. पूर्ण उभ्या माणसाचा फोटो आहे आणि फाइलमध्ये तो माणूस 3000 पिक्सेल उंच आहे. मासिकात तो 10 इंच उंच छापायचा असेल, तर एका इंचात 300 पिक्सेल बसतात. फेदर 1 दिला, तर विरणारी पट्टी जेमतेम 0.2 मिलिमीटरची होते. हातात धरून वाचताना ती वेगळी दिसत नाही, कड फक्त नैसर्गिक वाटते. फेदर 5 दिला, तर तीच पट्टी मिलिमीटरभर होते आणि सदऱ्याभोवती धुकं दिसू लागतं.

आता त्याच फाइलमधून सहा फुटी कटआउट काढू. इंचात 42च्या आसपास पिक्सेल उरतात. फ्लेक्स मोठा म्हणून फेदरही मोठा हवा, असं इथे पुष्कळांना वाटतं. पण माप वाढताना पिक्सेलही फुगलेला असतो, त्याबरोबर फेदरही फुगतो. रेडियस 1च ठेवला, तरी पट्टी दीड मिलिमीटरची होते. पाच मीटरवरून पाहणाऱ्याला तेवढी कळत नाही. रेडियस 5 ठेवला, तर ती साडेसात मिलिमीटरची होते, आणि पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला फोटो भगव्या रंगावर ठेवला की तीच पांढरी झालर म्हणून दिसते. हिशेब सोपा आहे: किती मिलिमीटरची मऊ कड हवी, त्याला इंचातल्या पिक्सेलनं गुणा आणि 64नं भागा.

छोट्या छपाईत गोष्ट उलटी होते. हाच माणूस निमंत्रणपत्रिकेवर दोन इंच उंच हवा आहे. फोटो आधी 600 पिक्सेलपर्यंत लहान केला, तर त्याचं बोट जेमतेम सहा पिक्सेल रुंद उरतं. त्यावर फेदर 5 दिला की विरणारी पट्टी बोटाच्या दुप्पट होते आणि पंजाच गायब होतो. म्हणून कापायचं ते मूळ मोठ्या फाइलवर, लहान करायचं ते नंतर. मोठ्या फाइलवर दिलेला फेदर लहान करताना आपोआप आक्रसतो.

तरी एक गोष्ट हिशेबात मावत नाही: फोटो स्वतः किती तीक्ष्ण आहे? 200 टक्के मोठा करून कॉलरची किंवा गुंड्यांची कड पाहा, रंग बदलायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. कापलेली कडही तेवढीच मऊ हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत माणूस 700 पिक्सेलचाच असला, तर सहा फुटांवर त्याचा प्रत्येक पिक्सेल अडीच मिलिमीटरहून मोठा होतो. असा फोटो वाढवला की चेहरा पुसट होतो. त्याभोवतीची कड मात्र धारदार राहिली, तर चेहरा आणि कड दोन वेगळ्या फोटोंतली वाटतात. अशा वेळी आधी फाइल वाढवा, मग चेहऱ्याच्या पुसटपणाइतकाच फेदर द्या.

झालर दिसतच असेल, तर फेदर देण्याआधी निवड Contractनं एक पिक्सेल आत घ्या, म्हणजे जुन्या पार्श्वभूमीचा रंग बाहेरच राहतो. केसांसाठी मात्र एकच रेडियस चालत नाही, त्यांची कड Select and Mask मध्ये वेगळी हाताळावी लागते. आणि निवडीच्या टूलच्या वरच्या पट्टीतला फेदर शून्य आहे ना, हे काम सुरू करताना बघा, कारण मागच्या कामाचा आकडा तिथे तसाच राहतो.

सगळ्यात सुरक्षित वाट मास्कची. फोटो न कापता लेयरला मास्क लावला, तर फेदर केव्हाही बदलता येतो. फ्लेक्स छापायला देण्याआधी खांद्याजवळचा तुकडा खऱ्या मापात ए-फोर कागदावर छापा, भिंतीला लावा आणि पाच मीटर मागे जाऊन पाहा. तिथून किनार दिसली, तर रेडियस कमी करा.