चिठ्ठी पालथी ठेवा

मंगळवारी दुपारी साडेतीनला, पहिली शिफ्ट सुटली की आमची एफएमईएची मीटिंग बसते. पार्ट बनवताना काय काय बिघडू शकतं, ते बिघडण्याआधी कागदावर मांडायचं, हे तिचं काम. प्रत्येक बिघाडाला १ ते १० मधले तीन आकडे द्यायचे: परिणाम किती गंभीर, बिघाड किती वेळा होईल, आणि झालाच तर माल बाहेर जाण्याआधी तो आपल्याला सापडेल का. हा तिसरा आकडा जितका मोठा, तितकं सापडणं अवघड. तिन्हींचा गुणाकार १०० च्या वर गेला की उपाय करायचाच, असा आमच्याकडचा नियम. चाकणच्या या कारखान्यात गेली काही वर्षं ही मीटिंग मी चालवतो.

टेबलाभोवती सात जण असतात. प्रॉडक्शनचे साहेब मोठ्या आवाजाचे. माणूस वाईट नाही, पंचवीस वर्षं मशीनजवळ काढलेली आहेत. पण मी आकडा विचारला की माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणणार, ‘‘तीन लिहा, तीन. पुढे चला.’’ मग मेंटेनन्सवाला मान हलवणार, डिझाइनचा मुलगा ‘‘तीनच असेल’’ म्हणणार. टेबलाच्या टोकाला क्वालिटीच्या ताई बसतात. पार्ट रोज हातात घेऊन तपासणाऱ्या त्या खोलीत त्या एकट्याच. त्या काहीच बोलणार नाहीत.

एका मीटिंगमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत बसलो. जो बोलेल त्याच्या नावापुढे एक रेघ. तासाभरात साहेबांच्या पुढे चाळीसेक झाल्या, ताईंच्या पुढे दोन. त्या दोन्ही वेळा त्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं होतं.

त्यांना बोलायचं नव्हतं असं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. त्या श्वास घ्यायच्या, पेन खाली ठेवायच्या, किंचित पुढे व्हायच्या, आणि तेवढ्यात दुसरं कुणी सुरू झालेलं असायचं. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट फार बारीक असते. वेगवेगळ्या दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी निघाली. बोलण्याआधी वाक्य मनात जुळवणाऱ्या माणसाला तेवढ्यात शिरताच येत नाही. ‘‘बोलत जा हो, ताई’’ असं मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. अडचण त्या फटीत होती आणि मी उपदेश ताईंना करत होतो.

मग पद्धत बदलली. बिघाड वाचून झाला की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. रेटिंगचा तक्ता समोर ठेवायचा, प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा आणि एका ओळीत कारण लिहायचं, चिठ्ठी पालथी ठेवायची. सगळ्यांच्या झाल्या की एकदम उलटायच्या. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात तीन किंवा जास्त फरक असेल तरच चर्चा, आणि बोलायला सुरुवात जो एकटा पडलाय त्याने करायची. दोघे एकटे असतील तर आधी कनिष्ठाने. ही युक्ती माझी नाही. लष्करी न्यायालयांतही मत सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून विचारण्याची जुनी पद्धत आहे. वरिष्ठ आधी बोलला की खालच्यांना स्वतःचं मत उरत नाही.

चौथ्या की पाचव्या मीटिंगला ॲल्युमिनियमच्या एका व्हॉल्व्ह बॉडीचा बिघाड आला. या पार्टमध्ये दोन भोकं आतमध्ये एकमेकांना आडवी छेदतात. ड्रिल बाहेर पडताना त्या छेदाच्या कडेला बर राहते, म्हणजे धातूची धारदार कुसळ. ती पुढे तुटून तेलाच्या वाटेत अडकू शकते. गंभीरता ८ आणि वारंवारता ३ यांवर कुणाचा वाद नव्हता. सापडण्याचा आकडा जुन्या शीटमध्ये ३ होता. गुणाकार ७२, म्हणजे उपायाची गरज नाही.

चिठ्ठ्या उलटल्या. ३, ३, ४, ३, ४, ३ आणि एक ८.

‘‘आठ कुणाचा?’’ साहेब म्हणाले.

नियमाप्रमाणे मी ताईंना बोलायला सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवरची ओळ वाचली, ‘‘छेद डोळ्याला दिसत नाही.’’

‘‘शंभर टक्के तपासणी आहे ना आपली?’’ साहेबांनी मध्येच विचारलं. मी हात वर केला. आधी त्यांचं होऊ द्या.

‘‘आहे, साहेब. मीच करते. टॉर्च मारून वरून जेवढं दिसतं तेवढं बघते. आतली कड भोकाच्या वळणाआड जाते. आणि बर काढायचा ब्रश झिजला की ती वाढते. रात्रपाळीत ब्रश बदललाय की नाही, हे मला सकाळी पार्ट बघून कळत नाही.’’

मी तक्ता पुढे सरकवला. ३ हा आकडा मशीनवरच दोष ओळखून पार्ट अडवणाऱ्या यंत्रणेसाठी होता. काम झाल्यावर माणूस डोळ्यांनी बघत असेल तर ८. तक्ता आधीही टेबलावरच असायचा, पण आकडा आधी ऐकू यायचा आणि मग कुणी तक्ता उघडायचं नाही. ८ गुणिले ३ गुणिले ८, १९२. दोन पार्ट उभे कापून बघितले तेव्हा एकाच्या छेदावर बर होती. पुढे लाइनवर बोरोस्कोप आला आणि ब्रश किती पार्टनंतर बदलायचा, तो आकडा मशीनवर चिकटवला गेला.

नवी माहिती फक्त एकाकडे असते तेव्हा असंच होतं. स्टासर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की गटाची चर्चा सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींकडे झुकते आणि एकेकट्याकडची माहिती बऱ्याचदा टेबलावर येत नाही. आमच्या शंभर टक्के तपासणीबद्दल सातही जणांना माहीत होतं. वळणाआडची कड एकट्या ताईंना माहीत होती.

चिठ्ठ्यांनी सगळं सुटत नाही. सात जणांत अक्षर ओळखू येतं, त्यामुळे नाव लपतं असं समजू नये. वेगळा आकडा लिहिणाऱ्याला मीटिंगनंतर कुणी टोमणा मारला तर पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या सारख्या येतात. सलग तीन-चार बिघाडांना सातही आकडे एकच आले तर मी ते चांगलं लक्षण मानत नाही. मग मी एकेकाला आदल्या दिवशी त्याच्या जागेवर जाऊन विचारतो. भर मीटिंगमध्ये अचानक ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ विचारणं तर सगळ्यांत वाईट. त्याचं उत्तर ‘‘बरोबर आहे’’ हेच येतं. आणि प्रत्येक ओळीला चिठ्ठी काढली तर तासात शीट सरकत नाही, म्हणून गंभीरता ७ च्या वर असेल तिथेच काढतो.

ताईंनी त्यानंतर स्वतःच एक गोष्ट सुरू केली. सांगायचं असेल ते त्या सोमवारी मला कळवतात, म्हणजे त्यांचा बिघाड यादीत वर येतो. आणि येताना पार्ट घेऊन येतात. टेबलाच्या मध्यावर कापलेला पार्ट ठेवला की सगळे वाकून बघतात, आणि तेवढ्या वेळात त्यांचं वाक्य पुरं होतं.

साहेबांचा आवाज अजून तसाच आहे. गेल्या मंगळवारी चिठ्ठी वाटली तेव्हा त्यांनी सवयीने ‘‘चार’’ म्हणायला तोंड उघडलं, थांबले, आणि तक्ता स्वतःकडे ओढून घेतला.