उजवीकडे दोनच : व्याकरण चॉम्स्कीच्या साच्यात बसवताना

‘राम आंबा खातो’ हे सरळ वाक्य. पण मराठीत ‘आंबा खातो’ म्हटलं तरी चालतं, ‘राम खातो’ही चालतं, आणि कुणी ‘तो काय करतो?’ असं विचारलं तर नुसतं ‘खातो’ हे उत्तरही पुरतं. कर्ता गाळता येतो, कर्म गाळता येतं. ही मुभा संगणकाला सांगायची असेल, तर ती अशा चार ओळींत मांडता येईल :

```
वाक्य → कर्ता कर्म खातो
कर्ता → नाम | ε
कर्म  → नाम | ε
नाम   → गोड नाम | राम | आंबा
```

बाणाच्या डावीकडच्या गोष्टीच्या जागी उजवीकडचं ठेवायचं, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, आणि ε म्हणजे एप्सिलॉन, अर्थात काहीच नाही. वाक्य, कर्ता, कर्म, नाम ही व्हेरिएबल. ती पुढे उलगडायची असतात. राम, आंबा, गोड, खातो हे टर्मिनल, म्हणजे प्रत्यक्ष वाक्यात उरणारे शब्द. डावीकडे नेहमी एकटं व्हेरिएबल असल्यामुळे ते कुठेही आलं, आजूबाजूला काहीही असलं, तरी त्याच नियमाने उलगडतं. म्हणून हे संदर्भमुक्त व्याकरण, कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर.

माणसाला हे व्याकरण वाचायला सोपं आहे, पण यंत्राच्या दृष्टीने त्यात अडचणी आहेत. एका नियमात उजवीकडे तीन गोष्टी आहेत, दुसऱ्यात एकच, तिसऱ्यात काहीच नाही. एप्सिलॉनमुळे उलगडता उलगडता वाक्य आखूडही होतं. ‘कर्ता → नाम’ हा युनिट नियम, त्यात नुसती पाटी बदलते, पुढे काही सरकत नाही. दिलेलं वाक्य या व्याकरणात बसतं का, हे शोधताना किती पायऱ्यांनी थांबायचं हेच कळत नाही.

नोम चॉम्स्की यांनी 1959 मध्ये दाखवलं की असं कोणतंही व्याकरण एका शिस्तीच्या साच्यात बसवता येतं. नियमाच्या उजवीकडे नेमकी दोन व्हेरिएबल किंवा नेमका एक टर्मिनल, तिसरा प्रकार नाही. यालाच चॉम्स्की नॉर्मल फॉर्म, विद्यार्थ्यांच्या भाषेत सीएनएफ म्हणतात. अपवाद एकच आहे, त्याकडे शेवटी येऊ.

पहिली दोन कामं सोपी आहेत. लांब नियमात घुसलेल्या टर्मिनलला स्वतःचं व्हेरिएबल द्यायचं. ‘खातो’साठी ‘क्रिया’ आणि ‘गोड’साठी ‘विशेषण’. मग दोनांपेक्षा लांब नियम मोडायचा. ‘कर्ता कर्म क्रिया’ यातला पहिला भाग तसाच ठेवून उरलेल्याला ‘शेष’ असं नवं नाव देऊ :

```
वाक्य  → कर्ता शेष
शेष    → कर्म क्रिया
कर्ता  → नाम | ε
कर्म   → नाम | ε
नाम    → विशेषण नाम | राम | आंबा
विशेषण → गोड
क्रिया → खातो
```

आता एप्सिलॉन काढायचे. ते नुसते पुसून चालत नाही, कारण मग ‘आंबा खातो’ हे वाक्यच व्याकरणातून जाईल. आधी कोणती व्हेरिएबल रिकामी होऊ शकतात त्यांची यादी करायची. ज्यांना थेट एप्सिलॉनचा नियम आहे ती पहिली. मग ज्यांच्या एखाद्या नियमात उजवीकडे सगळीच यादीतली आहेत तीही यादीत घ्यायची, आणि नवं काही सापडेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहायचं. परीक्षेत बहुतेकांचे गुण इथेच जातात. पहिल्या फेरीत सापडलेल्यांवरच ते थांबतात. आपल्या व्याकरणात यादी दोघांचीच राहते, कर्ता आणि कर्म. ‘शेष’ रिकामा होऊ शकत नाही, कारण त्यात क्रिया आहेच.

यादी झाली की प्रत्येक नियमाच्या ‘असेल तर’ आणि ‘नसेल तर’ अशा दोन्ही आवृत्त्या लिहायच्या, आणि मगच एप्सिलॉन पुसायचे :

```
वाक्य → कर्ता शेष | शेष
शेष   → कर्म क्रिया | क्रिया
कर्ता → नाम
कर्म  → नाम
```

पाहा, ‘वाक्य → शेष’ आणि ‘शेष → क्रिया’ हे दोन युनिट नियम आत्ताच जन्माला आले. मूळ व्याकरणात ते नव्हते. म्हणून युनिट नियम एप्सिलॉननंतरच काढायचे. आधी काढले तर हे नवे तसेच मागे राहतात आणि काम पुन्हा करावं लागतं.

युनिट नियम काढताना साखळी शेवटपर्यंत धरायची. वाक्यावरून शेषवर जाता येतं, शेषवरून क्रियेवर. म्हणजे वाक्याला शेष आणि क्रिया या दोघांचेही खरे नियम मिळायला हवेत. म्हणून प्रत्येक व्हेरिएबलवरून युनिट नियमांनी कुठे कुठे पोहोचता येतं ते आधी लिहून काढावं. एकेक नियम जागच्या जागी बदलत गेलं, तर ‘A → B’ आणि ‘B → A’ अशी जोडी असलेल्या व्याकरणात माणूस गोल गोल फिरत राहतो. आपलं अंतिम व्याकरण असं येतं :

```
वाक्य  → कर्ता शेष | कर्म क्रिया | खातो
शेष    → कर्म क्रिया | खातो
कर्ता  → विशेषण नाम | राम | आंबा
कर्म   → विशेषण नाम | राम | आंबा
नाम    → विशेषण नाम | राम | आंबा
विशेषण → गोड
क्रिया → खातो
```

व्याकरण लांबलं, पण त्या बदल्यात काय मिळालं ते ‘राम गोड आंबा खातो’ या चार शब्दांवर तपासू. दोन व्हेरिएबलच्या नियमाने लांबी एकाने वाढते, टर्मिनलच्या नियमाने एक शब्द पक्का होतो. तेव्हा n शब्दांच्या वाक्याला नेमक्या 2n − 1 पायऱ्या लागणार, इथे सात. किती पायऱ्यांनी थांबायचं हा प्रश्न संपला.

दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. वाक्याचा कोणताही तुकडा एका शब्दापेक्षा लांब असेल, तर तो बरोब्बर दोन तुकड्यांनीच बनलेला असणार. त्यामुळे लहान तुकड्यांकडून मोठ्याकडे जाणारा तक्ता भरता येतो. ‘राम’पाशी कर्ता, कर्म, नाम लिहायचं, ‘गोड’पाशी विशेषण, ‘आंबा’पाशी पुन्हा कर्ता, कर्म, नाम, ‘खातो’पाशी वाक्य, शेष, क्रिया. मग दोन-दोन शब्द. ‘राम गोड’ कोणत्याच नियमात बसत नाही, तो चौकोन रिकामा. ‘गोड आंबा’ म्हणजे विशेषण अधिक नाम, तेव्हा तिथे कर्ता, कर्म, नाम. ‘आंबा खातो’ म्हणजे वाक्य किंवा शेष. तीन शब्दांत ‘राम गोड आंबा’ रिकामा राहतो, पण ‘गोड आंबा खातो’ इथे वाक्य आणि शेष येतात. शेवटी ‘राम’ हा कर्ता आणि उरलेले तिन्ही शब्द मिळून शेष, म्हणून सगळ्या वाक्याच्या चौकोनात ‘वाक्य’ लिहिलं जातं. दहा चौकोनांत निकाल लागला. 1960 च्या दशकात जॉन कॉक, डॅनियल यंगर आणि तदाओ कासामी यांनी शोधलेली ही रीत त्यांच्या आद्याक्षरांवरून सीवायके म्हणून ओळखली जाते. तिचं काम वाक्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं : वाक्य दुप्पट लांब झालं, तर काम साधारण आठपट.

पायऱ्यांचा क्रम का पाळायचा, याचं एक कारण आपण पाहिलं. दुसरं कारण आकाराचं आहे. एका नियमात उजवीकडे दहा व्हेरिएबल आहेत आणि दहाही रिकामी होऊ शकतात असं समजा. नियम न मोडता एप्सिलॉन काढायला बसलं, तर प्रत्येक व्हेरिएबल ‘असेल’ किंवा ‘नसेल’ अशा दोन शक्यता, म्हणजे सगळंच गाळण्याची एक सोडून 1023 नियम. आधी दोन-दोनांत मोडलं, तर नऊ नियम होतात आणि प्रत्येकाच्या जास्तीत जास्त तीन आवृत्त्या, म्हणजे 27. पुष्कळ पाठ्यपुस्तकं एप्सिलॉन आधी काढतात. छोट्या उदाहरणात त्याने बिघडत नाही, उत्तरही चुकत नाही, पण खऱ्या व्याकरणात ते महागात पडतं.

आता तो अपवाद. जुळणाऱ्या कंसांचं व्याकरण घ्या : `S → ( S ) | S S | ε`. इथे रिकामी ओळसुद्धा वैध आहे. एप्सिलॉन पूर्ण काढला तर ती ओळ जाते, आणि S जवळच ठेवला तर S उजवीकडेही येत असल्याने उलगडताना लांबी पुन्हा घटू लागते. उपाय असा की सुरुवातीलाच `S0` हे नवं आरंभ-व्हेरिएबल घेऊन `S0 → S` लिहायचं. मग एप्सिलॉन फक्त `S0` पाशी ठेवायची मुभा, कारण `S0` उजवीकडे कधीच येत नाही. याच व्याकरणात `S S` मधला एक गाळला की `S → S` असा निरर्थक नियम मिळतो. तो सरळ टाकून द्यावा. आपल्या मराठी व्याकरणात वाक्य कधी रिकामं होत नाही आणि ‘वाक्य’ उजवीकडेही येत नाही, म्हणून ही पायरी लागली नाही.

या साच्याकडून नको त्या अपेक्षाही करू नयेत. ‘आंबा खातो’ हे वाक्य मूळ व्याकरणात दोन प्रकारे निघतं. एकात आंबा कर्म, दुसऱ्यात आंबाच कर्ता! अंतिम व्याकरणातही ते दोन प्रकारे निघतं, एकदा ‘कर्ता शेष’ मधून आणि एकदा ‘कर्म क्रिया’ मधून. संदिग्धता जशीच्या तशी राहिली. शिवाय वाक्यं तीच राहिली तरी त्यांची रचना बदलली. ‘शेष’ हे नाव कोणत्याही व्याकरणकाराने दिलेलं नाही, ते आपल्या सोयीचं आहे. आणि कर्त्याच्या जागी नाम आलं ही नोंद तर पुसलीच गेली. मूळ रचना हवी असेल तर कोणता नवा नियम कोणत्या जुन्यातून आला ते लिहून ठेवावं लागतं.

रूपांतर हाताने केलंत तर शेवटी दोन तपासण्या कराव्यात. प्रत्येक नियमाच्या उजवीकडे दोन व्हेरिएबल किंवा एक टर्मिनल आहे ना, हे पाहावं. मग सर्वांत लहान तीन-चार वाक्यं दोन्ही व्याकरणांतून काढून पाहावीत. आपल्या उदाहरणात ‘खातो’, ‘आंबा खातो’ आणि ‘राम आंबा खातो’ ही ती वाक्यं. एप्सिलॉन काढताना एखादी आवृत्ती राहून गेली असेल, तर अशाच आखूड वाक्यांत ती बहुधा सापडते.