सिमवरची ‘सुनंदा’ नेमकी कोण?

फोन बदलताना अजूनही हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘सगळे नंबर सिमवर कॉपी करून घ्या.’ नावं इंग्रजीत असतील तर हे बऱ्यापैकी निभावतं. मराठीत असतील तर घोळ होतो.

सिमवर प्रत्येक नावाला मोजकीच जागा असते. ती १४ बाइट आहे असं धरू. साध्या इंग्रजीत १४ अक्षरं बसतात. देवनागरीत पहिला बाइट लिपीची खूण म्हणून जातो आणि पुढे प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. म्हणजे उरली सहा चिन्हं, आणि त्यात काना, उकार, अनुस्वार हे सगळे सुटे मोजायचे. स, उकार, न, अनुस्वार, द, काना: ‘सुनंदा’तच सहा संपले! ‘सुनंदा मावशी’ आणि ‘सुनंदा काकू’ दोघींची नुसती ‘सुनंदा’ उरते. काही फोन काटकसरीची पद्धत वापरतात, तिथे आणखी थोडी अक्षरं मावतात, एवढंच. शिवाय एका नोंदीत सहसा एकच नंबर राहतो. फोटो, पत्ता, ईमेल गळून पडतात.

व्हीकार्डचं तसं नाही. ही `.vcf` फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, तिथे नावाच्या लांबीची अशी अडचण नाही. अँड्रॉइडच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमधलं `Export to file` वापरलं की सगळी यादी एका फाइलीत येते. पण २.१ आवृत्तीच्या फाइलीत ‘सुनंदा’ अशी दिसते:

```
=E0=A4=B8=E0=A5=81=E0=A4=A8
=E0=A4=82=E0=A4=A6=E0=A4=BE
```

(फाइलीत या दोन ओळी सलग असतात.) फाइल बिघडलेली नसते, हे नुसतं सांकेतिक लेखन असतं. नव्या फोनमध्ये नावाच्या जागी हीच बाराखडी उमटली, तर त्या ॲपला ते उलगडता आलेलं नाही असं समजावं. अशा वेळी यादी गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये आयात करून तिथूनच नव्या फोनवर सिंक होऊ द्यावी.

क्लाउडवर भरवसा ठेवणाऱ्यांची फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. नंबर सेव्ह करताना फोन ‘कुठे ठेवू’ असं विचारतो आणि आपण न बघता ‘डिव्हाइस’ दाबतो. ती नोंद मग गूगल खात्यात दिसेलच असं नाही. म्हणून जुना फोन विकण्याआधी संगणकावर `contacts.google.com` उघडून दोन-चार अलीकडची नावं शोधून पाहावीत.

मेसेज आणि कॉल हिस्ट्री व्हीकार्डमध्ये येतच नाहीत. अँड्रॉइडमध्ये त्या फोनच्या बॅकअपमधून येतात, आणि तो बॅकअप साधारणपणे नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच उतरवता येतो. ती पायरी घाईत ओलांडली, तर बहुतेकदा फोन रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाणाऱ्यांसाठी ॲपलचं `Move to iOS` ॲप आहे. ते कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज नेतं.