बारा मेगाहर्ट्झमधून पंचवीस

आइसफॉर्टी जातीच्या एफपीजीए चिपला बऱ्याचदा बाहेरून १२ मेगाहर्ट्झचा क्लॉक मिळतो. व्हीजीए पडद्याला मात्र २५.१७५ हवा असतो. ही तफावत चिपमधला पीएलएल भरून काढतो. त्याच्या आतला ऑसिलेटर ५३३ ते १०६६ मेगाहर्ट्झमध्येच चालतो. म्हणून आधी गुणायचं, मग भागायचं. १२ गुणिले ६७ म्हणजे ८०४. ते पट्ट्यात बसतं. ३२ ने भागलं की २५.१२५. गुणक ६८ घेतला तर थेट २५.५, म्हणजे ६७च जवळचा. आधी १२ लाच दोनाने भागून पायऱ्या बारीक करता येतील असं वाटतं, पण फेज तुलना करणाऱ्या भागाला किमान १० मेगाहर्ट्झ लागतात. उरलेली ०.२ टक्के चूक बहुतेक मॉनिटर सहज सोसतात.

खरी फसगत आकडे लिहिताना होते. गुणक एकने कमी लिहायचा असतो आणि भाजक दोनाच्या घातांकात:

```
.DIVR(4'd0),
.DIVF(7'd66),
.DIVQ(3'd5)
```

मॉनिटर ५९.८ ऐवजी ६०.७ हर्ट्झ दाखवत असेल, तर `DIVF` मध्ये ६७ गेलेत हे ओळखावं. आणि `LOCK` वर जाईपर्यंत सर्किट रीसेटमध्येच ठेवावं. त्याआधीचा क्लॉक भरवशाचा नसतो.