दगडफुलाचं चित्र कसं मागावं?

माझी मावशी घरी गोडा मसाला करते आणि 100 ग्रॅमच्या पाकिटांतून विकते. इतकी वर्षं पाकिटावर साधं चिकटलेबल असायचं. आता छापील पाकीट करायचं ठरलं, तेव्हा पुढच्या बाजूचं चित्र एआयच्या साधनाकडून काढून घेऊ, असं आम्ही म्हटलं. अशा साधनाला जी सूचना लिहून द्यायची, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. माझा पहिला प्रॉम्प्ट असा होता: ‘गोडा मसाल्याचं सुंदर, पारंपरिक, आकर्षक पाकीट.’

चित्र आलं ते टेबलावर उभ्या असलेल्या चकचकीत पाकिटाचं. त्याची सावली पडलेली, आजूबाजूला मसाले सांडलेले, पुढे लाल मिरच्यांचा ढीग आणि पाकिटावर देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरं. मावशी म्हणाली, “अगं, माझ्या मसाल्यात मिरची कुठेय?”

चूक माझ्या वाक्यात होती. ‘पाकीट’ म्हटल्यावर साधनाने पाकिटाचा फोटो काढला. आम्हाला हवं होतं पाकिटावर छापायचं सपाट चित्र. ‘सुंदर’ आणि ‘पारंपरिक’ या शब्दांतून कोणता रंग कुठे आणि किती, हे कळत नाही, म्हणून ती जागा साधनाने भारतीय मसाल्यांच्या नेहमीच्या चित्रांनी, म्हणजे मिरच्यांनी, भरली. प्रॉम्प्टमध्ये डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, हा धडा तिथे मिळाला.

मग आधी कागद आणि पट्टी घेतली. पाकिटाची पुढची बाजू 90 मिलिमीटर रुंद आणि 135 मिलिमीटर उंच, म्हणजे 2:3 हे प्रमाण. ती तीन आडव्या रंगपट्ट्यांत विभागली: वर 60 मिलिमीटर नावासाठी, मध्ये 15 मिलिमीटरची रेघ, खाली 60 मिलिमीटर घटकांच्या चित्रांसाठी. वरची काही जागा पाकीट बंद करण्याच्या शिवणीत जाते, तिथे काही ठेवायचं नाही.

रंग निवडताना पहिला विचार होता वर आणि खाली भाजलेल्या खोबऱ्याचा गडद तपकिरी. पण गोड्या मसाल्यातले बहुतेक जिन्नस स्वतःच तपकिरी, काळपट. त्या पार्श्वभूमीवर ते बुडून गेले असते, म्हणून खालचा पट्टा सायीच्या रंगाचा ठेवला. वरच्या पट्ट्यात नावाजवळ शाकाहाराचं हिरवं चिन्ह येतं आणि ते उठून दिसायला हवं. आपल्या पाकिटाच्या मापाला त्यातला ठिपका किमान 4 मिलिमीटर व्यासाचा आणि बाहेरचा चौकोन त्याच्या दुप्पट लागतो. गडद तपकिरीवर ते हरवलं असतं. म्हणून वर हळदी पिवळा, त्यावर चिन्हासाठी पांढरा तुकडा, आणि तपकिरी फक्त मधल्या अरुंद पट्ट्याला, असं ठरलं.

त्यानंतर घटक. मावशीने ताटात पाच जिन्नस मांडले: सुकं खोबरं, धणे, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल. साधनाला नुसती नावं देऊन पाहिली तर दगडफुलाच्या जागी दगडात कोरलेलं फूल आलं. दगडफूल म्हणजे ना दगड ना फूल, तो झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारा लायकेन. तमालपत्राच्या जागी आलं परदेशी स्वयंपाकातलं पान, ज्याला मध्ये एकच ठळक शीर असते. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा असतात. म्हणून नावावर विसंबायचं नाही. वस्तू हातात घेऊन तिचा आकार, कडा आणि रंग लिहायचा. शेवटी प्रॉम्प्ट असा झाला:

```
सपाट रंगीत चित्र, उभं, प्रमाण 2:3, चारही कडांपर्यंत भरलेलं.
तीन आडवे पट्टे, कडा सरळ, उंचीचं प्रमाण 4:1:4.
वरचा: एकसलग हळदी पिवळा, पूर्ण मोकळा.
मधला: एकसलग गडद तपकिरी, पूर्ण मोकळा.
खालचा: सायीचा रंग. त्यावर फक्त पाच वस्तू, सुट्या मांडलेल्या:
1. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी, बाहेरून तपकिरी, आत पांढरी
2. फिकट तपकिरी गोल धणे, उभ्या बारीक रेघांचे, सात
3. लांबट सुकं हिरवट पान, देठापासून टोकाकडे तीन शिरा
4. बारीक देठाच्या काळपट तपकिरी सुक्या कळ्या, मिऱ्याएवढ्या, पाच
5. कागदासारखे पातळ वळलेले तुकडे, झालरीच्या कडा,
   वरून राखाडी, खालून काळे
शैली: बारीक शाईची रेघ, आत फिकट जलरंग.
```

यात ‘मिरची नको’ असं कुठे नाही. अशी बरीच साधनं नकार नीट पाळत नाहीत. जिचं नाव घेतलं ती वस्तूच चित्रात येऊन बसते. म्हणून ‘फक्त पाच वस्तू’ म्हणून यादी पुरी करायची. हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. पाकिटात जे नाही ते चित्रात दाखवलं तर ग्राहकाची दिशाभूल होते आणि लेबलाच्या नियमांना ते चालत नाही.

वरचे दोन पट्टे मोकळे मागितले त्यालाही कारण आहे. मसाल्याचं नाव, वजन आणि हिरवं चिन्ह साधनाकडून काढून घ्यायचं नाही. जोडाक्षरं आणि मात्रा हमखास बिघडतात, आणि चिन्हाचं माप तर नेमकंच हवं. ही अक्षरं नंतर डिझाइनवाल्याने खऱ्या फॉन्टमध्ये बसवायची.

चित्र आलं की मावशी ताट शेजारी घेऊन बसायची. पहिल्या खेपेला नागकेशराच्या कळ्यांना लवंगेसारखी चार टोकं होती, तर पट्टे 4:1:4 ऐवजी जवळपास सारखे होते. एका वेळी एकच ओळ बदलली, म्हणजे कोणत्या शब्दाने काय बदललं ते कळतं. कळ्यांसाठी ‘गोलसर, टोकं मिटलेली’ एवढं वाढवलं आणि त्या सुधारल्या. पट्ट्यांचं माप मात्र शेवटपर्यंत जुळलं नाही. साधन प्रमाण अंदाजाने घेतं, पट्टीने मोजत नाही. शेवटी घटकांची चित्रं तेवढी घेतली आणि पट्टे डिझाइनवाल्याने मिलिमीटरमध्ये नव्याने आखले. कडेला कापण्यासाठी लागणारा 3 मिलिमीटरचा जादा रंगही त्यामुळे सहज वाढवता आला.

आकाराचा हिशेबही करून ठेवावा. चित्र 1024 बाय 1536 पिक्सेलचं होतं. 90 मिलिमीटर रुंदीवर ते इंचाला सुमारे 290 बिंदू देतं, छपाईसाठी साधारण 300 मागतात, म्हणजे काम भागतं. हेच चित्र अर्ध्या किलोच्या मोठ्या पाकिटावर ताणलं असतं तर शाईच्या रेघा फुटल्या असत्या. आणि पडद्यावरचा झळझळीत हळदी रंग छापताना चार शाईंतून येतो, तेव्हा तो थोडा मंद होतो. त्यामुळे रंग पडद्यावर पक्का न करता छापील नमुन्यावर केला.

तो नमुना खऱ्या मापात कागदावर काढून डब्याला गुंडाळला आणि ओट्यावर ठेवला. मावशीने दोन हात मागे सरून पाहिलं. नाव वाचता आलं, पाचही जिन्नस ओळखू आले. मग तिने ताटातलं दगडफूल उचलून चित्राशेजारी धरलं, उलटून खालची काळी बाजूही जुळवून पाहिली, आणि म्हणाली, “आता छापायला दे.”